जागा नको, पण ओळख राहू द्या

*मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत आठ वर्षांपासून क्वालिटीत आहे. पहिली तीन वर्षं लाइनवर तपासणी केली, गेली पाच वर्षं सप्लायर क्वालिटी बघते. परवा लिंक्डइनवर एका अनोळखी रिक्रूटरचा मेसेज आला: "चाकणला क्वालिटी इंजिनिअर हवेत, अनुभव 3 ते 6 वर्षं, थर्ड पार्टी पे-रोल, इमिजिएट जॉइनर. सीव्ही, करंट आणि एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटिस पीरियड पाठवा." माझ्या आताच्या कामाशी याचा काही संबंध नाही. असे मेसेज अधूनमधून येतात, मी उत्तरच देत नाही. पण इथे आता वर जायला जागा नाही, म्हणून चांगलं काही आलं तर मला हवंच आहे. मिस्टर म्हणतात, "सध्या इंटरेस्टेड नाही" एवढं लिहून मोकळी हो. मैत्रीण म्हणते, सीव्ही पाठवून ठेव, काय बिघडतं? नाही म्हटलं तर ते पुन्हा विचारणार नाहीत, आणि हो म्हटलं तर नको त्या जागेसाठी फोन सुरू होतील. काय लिहू?*

*एक वाचक, नागपूर*

ताई, मिस्टरांचा सल्ला आणि मैत्रिणीचा सल्ला, दोन्ही मला पटले नाहीत. त्यातल्या त्यात मिस्टरांचं वाक्य जास्त महागात पडेल, कारण ते निरुपद्रवी दिसतं. ते का, हे कळायला मेसेजच्या पलीकडे बसलेली व्यक्ती काय करत असते ते आधी बघू. मी बरीच वर्षं भरतीच्या कामात होते, त्यामुळे ती बाजू मला ठाऊक आहे.

रिक्रूटरकडे एक जागा आलेली असते. ती लिंक्डइनवर किंवा नोकरीच्या साइटवर "क्वालिटी इंजिनिअर" असं टाकते, अनुभवाची वर्षं, शहर, पगाराचा पल्ला आणि नोटिस पीरियड निवडते, आणि जी नावं येतील त्यांना एकच मेसेज थोडा इकडेतिकडे करून पाठवते. तुमचं प्रोफाइल तिने नीट वाचलेलंच नसतं. मग जसजशी उत्तरं येतात तसतसा ती प्रत्येक नावापुढे एक शेरा मारते. कन्सल्टन्सी लहान असेल तर एक्सेलच्या शीटमध्ये, मोठी असेल तर त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये. उत्तर आलं नाही तर "नो रिस्पॉन्स". "सध्या इंटरेस्टेड नाही" असं आलं तर "नॉट लुकिंग". आणि कुणी नीट कारण सांगितलं तर "रोल मॅच नाही; सप्लायर क्वालिटी हवं, पर्मनंट, नोटिस 60 दिवस". चार महिन्यांनी त्याच ऑफिसात सप्लायर क्वालिटी लीडची जागा आली, की पहिला फोन कुणाला जातो हे वेगळं सांगायला नको. "नॉट लुकिंग" वाल्या माणसाला शक्यतो कुणी त्रास देत नाही. म्हणजे मिस्टरांच्या सांगण्यावरून जे वाक्य तुम्ही लिहिणार आहात, ते एका जागेला नकार देत नाही, बाजारातून तुमचं नावच काढून घेतं.

आता तुमची भीती. नाही म्हटलं तर रिक्रूटर दुखावेल आणि पुन्हा विचारणार नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. कन्सल्टन्सीला पैसे कसे मिळतात ते पाहिलं की ही भीती राहत नाही. उमेदवार रुजू झाला तर कंपनी त्यांना फी देते. आपल्याकडे ती बरेचदा वार्षिक सीटीसीच्या 8.33 टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याच्या पगाराइतकी असते. सहा लाखांच्या जागेवर धरा पन्नास हजार. तीही माणूस टिकला तर. ठरलेल्या मुदतीत, बहुतेक ठिकाणी दोन-तीन महिन्यांत, तो सोडून गेला तर बदली माणूस फुकट द्यावा लागतो. त्यामुळे रिक्रूटरच्या डोक्याला खरा ताप होतो तो आधी हो म्हणून इंटरव्ह्यूच्या दिवशी फोन बंद ठेवणाऱ्यांचा, किंवा ऑफर घेऊन न येणाऱ्यांचा. पहिल्याच दिवशी कारणासकट नाही म्हणणारा माणूस तिचा वेळ वाचवतो. लिंक्डइनवर तर त्याहून गंमत आहे. पैसे भरून पाठवलेल्या इनमेलला 90 दिवसांत उत्तर आलं, तर पाठवणाऱ्याला त्याचं क्रेडिट परत मिळतं. उत्तर नकाराचं असलं तरी. तेव्हा तुम्ही गप्प राहिलात तरच तिचं काहीतरी जातं.

याचीच दुसरी बाजूही लक्षात असू द्या. फी कंपनी देते, म्हणजे रिक्रूटर कंपनीसाठी काम करते, तुमच्यासाठी नाही. ती तुमच्यासाठी नोकरी शोधत बसणार नाही. म्हणून "भविष्यात काही चांगलं असेल तर नक्की कळवा" या ओळीचा उपयोग शून्य. चांगलं म्हणजे काय, हे तिला कुठून कळणार? तिला शोधताना टाकता येतील असे शब्द तुम्ही द्यायला हवेत.

आणि इथे मला तुम्हालाच एक प्रश्न विचारायचा आहे. तुमच्या लेखी तरी "चांगलं काही" म्हणजे काय? चाकणची जागा नको, हे तुम्ही लिहिलंत. पण नको ते नेमकं काय? चाकण नको, की लाइनवरची तपासणी नको, की थर्ड पार्टी पे-रोल, म्हणजे कंपनीऐवजी ठेकेदाराच्या पगारपत्रकावरची नोकरी, नको? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही रिक्रूटरला "चाकणला जमणार नाही" असं लिहिलंत, तर ती तुमच्या नावापुढे "फक्त नागपूर" लिहून मोकळी होईल. मग उद्या पुण्याच्या एखाद्या कंपनीत सप्लायर क्वालिटीची टीम सांभाळायची जागा निघाली, पगार भरपूर वाढवून, तर ती तुमच्यापर्यंत येणारच नाही. त्या जागेचा तुम्ही विचार केला असता का? केला असता तर गाव हे कारण नव्हतं. नसता केला तर तेही स्पष्ट लिहा, पण मग एक हिशेब मांडून घ्या. हिंगणा आणि बुटीबोरी धरून नागपुरात ऑटो क्षेत्रातल्या सप्लायर क्वालिटीच्या वरच्या जागा मोजक्याच निघतात, कारण हे काम जिथे कंपनीचा खरेदी विभाग बसतो तिथे जास्त असतं. मधला एक मार्गही आहे. काही कंपन्या पुरवठादारांच्या गावीच आपला माणूस ठेवतात, महिन्यातून काही दिवस प्रवास आणि बाकी इथूनच काम. तसं तुम्हाला चालेल का, प्रवास किती दिवस चालेल, हे आज घरी बसून बोलून ठेवा. मिस्टरांचं मत खरं तर इथे हवं आहे, मेसेजच्या शब्दांत नाही.

तुम्ही ठरवलंत की काम सप्लायर क्वालिटीचंच हवं आणि नोकरी कायमस्वरूपीच हवी, या दोन गोष्टींवर तडजोड नाही. गाव मात्र जागा पाहून ठरवू. असं धरून मी मसुदा देते. तुम्ही तो इंग्रजीत पाठवाल, पाठवा. क्रम मात्र हाच ठेवा.

"नमस्कार, मेसेजबद्दल धन्यवाद. ही जागा लाइन क्वालिटीची आणि थर्ड पार्टी पे-रोलवरची आहे, त्यामुळे मी यासाठी पुढे जाणार नाही. गेली पाच वर्षं मी सप्लायर क्वालिटी बघते: पुरवठादारांचं ऑडिट, पीपीएपी मंजुरी, 8डी. सप्लायर क्वालिटीत टीम सांभाळायची कायम नोकरीतली जागा असेल तर जरूर कळवा. नागपूरला प्राधान्य आहे. जागा तशी असेल तर पुण्याचाही विचार करेन. नोटिस 60 दिवस. जेडी इथेच मेसेजवर पाठवलीत तर दोन दिवसांत उत्तर देईन."

बघा, यात "दुर्दैवाने", "क्षमस्व", "सध्या तरी" असलं काही नाही. "सध्या तरी" हा आपल्या मराठी भिडस्तपणाचा शब्द आहे आणि रिक्रूटर त्याचा अर्थ "थोडा आग्रह केला तर येईल" असा घेते. मग तुम्हाला भीती वाटते ते फोन सुरू होतात. नकार एका वाक्यात, कारणासकट, आणि तिथेच पूर्णविराम. कारणही जागेबद्दलचं दिलं आहे, तुमच्या घरच्या अडचणीचं नाही. "मुलगी लहान आहे" किंवा "सासूबाईंची तब्येत बरी नसते" असं काही लिहू नका. ते खरं असलं तरी ती अडचण मिटल्यावर तुमच्या नावापुढचा शेरा आपोआप मिटत नाही.

पीपीएपी, म्हणजे सुट्या भागांच्या मंजुरीची पद्धत, आणि 8डी, म्हणजे दोषाचं मूळ शोधून तो दूर करायची पद्धत, हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. रिक्रूटर क्वालिटीतली जाणकार असेलच असं नाही. इनकमिंग, इन-प्रोसेस, फायनल, सप्लायर, सिस्टिम ऑडिट, हे सगळं तिच्या लेखी "क्वालिटी" असतं. पण कंपनीकडून आलेल्या जेडीत, म्हणजे कामाच्या वर्णनात, हे शब्द असतात आणि ती तेच शब्द शोधात टाकते. तुमच्याकडे आयएटीएफ 16949 या ऑटो क्षेत्रातल्या क्वालिटी मानकाचं इंटर्नल ऑडिटरचं प्रमाणपत्र असेल तर तेही त्या ओळीत टाका. "मी अनुभवी आणि मेहनती आहे" असं लिहून कुणी कुणाला शोधत नाही. नोटिस पीरियड लिहिल्यामुळे "इमिजिएट जॉइनर" वाल्या जागा आपोआप गळतात. मिहानमधल्या आयटीवाल्या वाचकांपैकी अनेकांची नोटिस 90 दिवसांची असते, त्यांनी तर ही ओळ कधीच विसरू नये.

शेवटची ओळ फोन टाळण्यासाठी आहे. शॉपफ्लोअरवर प्रेसच्या आवाजात, शेजारी सुपरवायझर उभा असताना, "हॅलो मॅडम, जॉब चेंजचं बघताय का?" असा फोन घेणं कुणालाच परवडत नाही. नागपूरचं औद्योगिक वर्तुळ लहान आहे. हिंगण्यातल्या एचआरला बुटीबोरीतला एचआर ओळखतो. म्हणून नंबर पहिल्या मेसेजमध्ये देऊ नका, आणि आताच्या कंपनीबद्दल तक्रारीचा एक शब्दही लेखी देऊ नका. "इथे वर जायला जागा नाही" हे मला सांगितलंत ते ठीक; रिक्रूटरला सांगाल तर त्याचा स्क्रीनशॉट कुठे फिरेल सांगता येत नाही.

पगाराचं काय? तिने करंट आणि एक्स्पेक्टेड दोन्ही विचारले आहेत. जी जागा नकोच आहे तिच्यासाठी हे आकडे द्यायचं कारणच नाही. लोक भिडेखातर देतात, आणि मग तो करंट आकडा शीटमध्ये बसतो, वर्षभराने पगार वाढल्यावरही तोच धरून पुढची ऑफर मोजली जाते. जागा जुळणारी असेल तेव्हाही आधी तिचा आकडा विचारा: "या जागेचं बजेट काय आहे, त्यातलं फिक्स्ड किती?" फिक्स्ड हा शब्द महत्त्वाचा आहे. बारा लाखांच्या सीटीसीत दोन लाख व्हेरिएबल, कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी असं सगळं धरलेलं असतं. हातात येणाऱ्या पगाराशी त्याची तुलना केली तर फसगत होते. एक अपवाद मात्र करा. काम, गाव, सगळं जुळतंय आणि फक्त पैसे कमी आहेत म्हणून नाही म्हणत असाल, तर तेव्हा आकडा जरूर सांगा. "फिक्स्ड अमुक लाखांच्या खाली विचार करणार नाही" असं लिहिलं की पुढच्या वेळी त्याखालचं काही येत नाही, आणि कधी कधी त्याच जागेचं बजेट दोन दिवसांत वाढल्याचा निरोप येतो. हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आता मैत्रिणीचा प्रश्न: सीव्ही पाठवून ठेवला तर काय बिघडतं? बिघडतं, आणि ते तुम्हाला कळतही नाही. कन्सल्टन्सीने तुमचा सीव्ही एखाद्या कंपनीच्या सिस्टिममध्ये टाकला, की त्या कंपनीपुरत्या तुम्ही त्या कन्सल्टन्सीच्या उमेदवार होता. ही नोंद अनेक ठिकाणी सहा महिने, काही ठिकाणी वर्षभर चालते. त्या काळात त्याच कंपनीत तुमच्या जोगी जागा निघाली आणि तिथल्या ओळखीच्या माणसाने तुमचं नाव रेफरलमधून दिलं, तर सिस्टिम दाखवते की हा उमेदवार आधीच आलेला आहे. मग फी द्यायची की नाही, कुणाला द्यायची, असा वाद उभा राहतो, आणि वाद नको म्हणून एचआर दुसऱ्याच उमेदवाराकडे वळतो. त्यात तुमचा सीव्ही कुठल्या जागेसाठी गेलेला असणार? तीन ते सहा वर्षांच्या लाइन तपासणीसाठी. म्हणजे पुढे तुमचं नाव बघणारा तुम्हाला त्याच पायरीवर धरणार.

दुसरा धोका तर तुमच्या क्षेत्रात जास्तच आहे. "आमच्या क्लायंटकडे" असं म्हणतात तेव्हा क्लायंटचं नाव गुलदस्त्यात असतं. तो क्लायंट तुम्ही ज्यांना माल देता ती कंपनी असू शकते, तुमच्याच गटातला दुसरा प्लांट असू शकतो, क्वचित तुमचीच कंपनी असू शकते. तुमच्या कामात पुरवठादारांबरोबरच ग्राहक कंपनीच्या क्वालिटी विभागाशीही बोलावं लागत असेल. सोमवारी ज्यांच्यासमोर 8डीचा अहवाल मांडायचा, त्यांच्या टेबलावर शुक्रवारी तुमचा सीव्ही पडलेला असला तर कसं वाटेल? म्हणून जागा जुळणारी वाटली तरी सीव्ही देण्याआधी कंपनीचं नाव, प्लांट कुठला आणि पद कुठलं, हे लेखी विचारा. सीव्ही पाठवताना एक ओळ जोडा: "हा सीव्ही फक्त या जागेसाठी आहे; दुसरीकडे पाठवण्याआधी मला विचारा." ही ओळ कायद्याचा बडगा नाही, कुणी मोडू शकतं. पण बरेच जण पाळतात, आणि कंपनीचं नाव सांगायला अजिबात तयार नसलेला रिक्रूटर कुठल्या तऱ्हेचा आहे हेही त्यातून कळतं. कधी कधी कंपनीनेच नाव गुप्त ठेवायला सांगितलेलं असतं, तेव्हा निदान "ती अमुक कंपनी तर नाही ना?" एवढं विचारून घ्या. त्याचं हो-नाही मिळतंच.

रिक्रूटर कंपनीच्याच एचआर विभागातला असेल तर मात्र थोडं वेगळं वागा. त्याच्या प्रोफाइलवर कंपनीचं नाव असतं, ई-मेल कंपनीच्या पत्त्यावरून येतो. त्याला एकाच कंपनीच्या जागा भरायच्या असतात, त्यामुळे आजची जागा नको असली तरी "तुमच्याकडे सप्लायर क्वालिटीचं काम कुठल्या प्लांटमधून चालतं?" असा एक प्रश्न विचारायला हरकत नाही. अशा माणसाशी एकदा नीट बोलणं झालं की ते पुढे कामी येतं. आणि कुणी रजिस्ट्रेशनचे, ट्रेनिंगचे किंवा इंटरव्ह्यूचा पास काढायचे पैसे मागितले, मग ते पाचशे का असेनात, तर तो रिक्रूटर नव्हे. तिथे उत्तर देऊ नका, सरळ ब्लॉक करा.

हा मेसेज पाठवल्यावर काय होईल तेही सांगून ठेवते. बहुतेक वेळा "ओके, थँक्स" येईल किंवा काहीच येणार नाही. त्याचा अर्थ राग असा काढू नका. तिला त्या आठवड्यात जागा भरायची आहे. क्वचित एखादी आग्रह करेल: "मॅडम, एकदा बोलून तर बघा, रोल वाढू शकतो." तेव्हा नवं कारण शोधू नका. नवं कारण दिलं की त्यावर नवं उत्तर तयार असतं. "काम सप्लायर क्वालिटीचं आणि पे-रोल कंपनीचा झाला तर जेडी पाठवा, मी बघते," एवढंच. कुणी असंही सांगेल की इंटरव्ह्यू देऊन टाका, सराव होतो. मला हे पटत नाही. जी जागा घ्यायचीच नाही तिच्यासाठी तुम्ही सुट्टी टाकणार, पॅनेलचा वेळ घेणार आणि शेवटी नाही म्हणणार. तो नकार आजच्या नकारासारखा विसरला जात नाही.

तिच्या खरंच लक्षात राहायचं असेल तर एक सोपी गोष्ट करा. तुमच्या लाइनवर तीन-चार वर्षं अनुभवाचा एखादा मुलगा असेल, पुण्याकडे जायला धडपडणारा, तर त्याला तो मेसेज दाखवा. त्याला विचारल्याशिवाय त्याचा नंबर परस्पर देऊ नका. थर्ड पार्टी पे-रोल आहे हे त्याला आधीच सांगा, तो कुणाच्या पे-रोलवर असेल आणि किती दिवसांसाठी, हे विचारायलाही सांगा. त्याची इच्छा असेल तर तोच तिला लिहील. जागा भरून देणाऱ्या माणसाचं नाव रिक्रूटर सहसा विसरत नाही.

आता मुळाशी जाऊ. असे मेसेज तुम्हाला अधूनमधून येतात म्हणालात, आणि सगळे असेच. मला वाटतं तुमच्या प्रोफाइलच्या पहिल्या ओळीत अजून "क्वालिटी इंजिनिअर" एवढंच आहे, कारण ऑफर लेटरवर तेच पद होतं. कागदावरचं पद बदलून खोटं लिहायचं नाही, पण नावाखालची ओळ ही पदाची नसते, कामाची असते. तिथे "सप्लायर क्वालिटी, ऑटो पार्ट्स, पीपीएपी, पुरवठादार ऑडिट" असं करा. जुन्या तीन वर्षांतलं लाइन तपासणीचं वर्णन दोन ओळींत आटपा आणि आताच्या कामाला जागा द्या: किती पुरवठादार बघता, कास्टिंग, मशिनिंग की रबर, ऑडिट कुणाकुणाची करता. नोकरीच्या साइटवरही हेच बदला. तिथे एक गोष्ट लक्षात असू द्या: रिक्रूटर बरेचदा अलीकडे सक्रिय असलेले उमेदवार आधी बघतात. खातं उघडून दोन वर्षं तसंच ठेवलं असेल तर तुम्ही मागे पडता. तिथला पगार आणि नोटिसचा रकानाही ताजा करा.

लिंक्डइनवर "ओपन टू वर्क" लावायचं की नाही, हे पुष्कळ जण विचारतात. त्याचे दोन प्रकार आहेत. एकात फोटोभोवती हिरवी पट्टी येते आणि ती सगळ्या जगाला दिसते, तुमच्या साहेबांनासुद्धा. नोकरीत असताना ते नको. दुसरा फक्त रिक्रूटरना दिसतो. त्यात तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण शंभर टक्के हमी देत नाही असं ते स्वतःच सांगतं. तुमच्या कंपनीचा एचआर गटाच्या दुसऱ्या नावाने काम करत असेल तर धोका वाढतो. मी तुमच्या जागी असते तर आधी ओळ आणि वर्णन दुरुस्त केलं असतं, दोन-तीन महिने येणारे मेसेज बदलतात का ते पाहिलं असतं, आणि गरज वाटली तरच दुसरा प्रकार चालू केला असता.

राहिले तुमच्या इनबॉक्समधले जुने, उत्तर न दिलेले मेसेज. ते सगळे उघडून बसू नका. ज्यांनी ऑटो क्षेत्रातल्या जागांसाठी लिहिलं होतं आणि जे अजून त्याच कामात आहेत, असे तीन-चार निवडा आणि उशिराबद्दल लांबलचक माफी न मागता लिहा: "तेव्हा उत्तर राहून गेलं. ती जागा आता भरली असेल, मी सप्लायर क्वालिटीत आहे, त्यातलं काही आलं तर कळवा," आणि पुढे वरच्या मसुद्यातल्या नोटिस आणि गावाच्या ओळी. परवाच्या मेसेजला मात्र आजच उत्तर द्या, कारण "इमिजिएट जॉइनर" वाली शीट आठवड्याभरात बंद होते आणि शेरे तेव्हाच मारले जातात.